केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त कसा? जन्मदर, मृत्युदर आणि लोकसंख्येच्या मनोऱ्याची सूत्रं, आणि ती वाचायची कशी

नमुना नोंदणी पाहणी, म्हणजे एसआरएस, हा देशातल्या जन्म-मृत्यूंच्या दरांचा सर्वात जास्त वापरला जाणारा सरकारी स्रोत. तिचे २०२० सालचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बिहारचा मृत्युदर दर हजारी ५.४, तर केरळचा ७.०.

मग कुणीतरी या दोन आकड्यांचं चित्र बनवतं, खाली ‘कुठे गेलं ते केरळ मॉडेल?’ असं लिहितं आणि पोस्ट फिरायला लागते. गंमत म्हणजे त्या पोस्टमधले आकडे खोटे नसतात. त्याच पाहणीत केरळचा अर्भक मृत्युदर ६ आहे आणि बिहारचा २७. केरळमध्ये जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान पंचाहत्तरच्या आसपास आहे, बिहारमध्ये ते सत्तरीच्या खाली आहे. म्हणजे जिथे माणसं जास्त जगतात, तिथेच मृत्युदर जास्त! हे कोडं सोडवलं की सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकातलं ‘लोकसंख्याशास्त्र’ हे लांबलचक प्रकरण चार-पाच सूत्रांमध्ये मावतं.

पहिलं सूत्र: भागाकारात खाली काय आहे?

ढोबळ जन्मदर = (वर्षभरातले जिवंत जन्म ÷ वर्षाच्या मध्याची लोकसंख्या) × १०००

ढोबळ मृत्युदर = (वर्षभरातले मृत्यू ÷ वर्षाच्या मध्याची लोकसंख्या) × १०००

लोकसंख्या वर्षभर बदलत असते, म्हणून १ जुलैची धरतात. ती जानेवारी आणि डिसेंबरच्या साधारण मधली येते. ‘जिवंत जन्म’ हा शब्दही मुद्दाम आहे. मृत जन्मलेलं बाळ जन्मदरातही येत नाही आणि मृत्युदरातही येत नाही, त्याची मोजणी वेगळी होते.

खरी मेख आहे ‘ढोबळ’ या शब्दात. छेदस्थानी सगळी लोकसंख्या आहे: तान्ही बाळं, कॉलेजातली पोरं, ऐंशी वर्षांच्या आजी, सगळे एकाच पोत्यात. पण मरणाची शक्यता सगळ्यांना सारखी नसते. वीस वर्षांच्या तरुणापेक्षा सत्तरीतल्या माणसाची ती कित्येक पटींनी जास्त असते. त्यामुळे एखाद्या राज्यात म्हातारी माणसं जास्त असतील, तर दवाखाने कितीही चांगले असले तरी दर हजारी मृत्यू जास्तच दिसणार.

२०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये साठ आणि त्यावरच्या वयाची माणसं १२.६ टक्के होती, बिहारमध्ये ७.४ टक्के. उलट पंधरा वर्षांखालची मुलं बिहारमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास, तर केरळमध्ये चोविसाच्याही आत. त्या पोस्टमधली तुलना मुळात दोन आरोग्यसेवांची नाहीच. तरुण राज्य आणि वयस्कर राज्य यांची ती तुलना आहे.

दिल्लीचा मृत्युदर याच पाहणीत ३.६ होता, मोठ्या राज्यांमध्ये सर्वात कमी. त्यातही दिल्लीतल्या रुग्णालयांइतकाच कामाच्या शोधात तिथे आलेल्या तरुणांचा वाटा असतो. काही आखाती देशांत तर हा दर हजारी दोनच्याही खाली दिसतो. तिथली बहुतेक माणसं कामासाठी आलेली, धडधाकट वयातली आहेत आणि म्हातारपणी ती आपापल्या देशात परत जातात.

उदाहरण करून बघू

दोन तालुके कल्पून घ्या. प्रत्येकाची लोकसंख्या बरोबर एक लाख. पहिल्याला ‘तरुण तालुका’ म्हणू, दुसऱ्याला ‘वयस्कर तालुका’. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

तरुण तालुक्यात १४ वर्षांपर्यंतची मुलं ३५,०००, १५ ते ५९ वयाची माणसं ५८,००० आणि साठीवरची ७,०००. वर्षभरात मुलांमध्ये दर हजारी ४, मधल्या गटात २.५ आणि साठीवर ४५ मृत्यू होतात. गुणाकार केला की मृत्यू येतात १४०, १४५ आणि ३१५. बेरीज ६००. ढोबळ मृत्युदर ६.०.

वयस्कर तालुक्यात मुलं २०,०००, मधली माणसं ६३,००० आणि साठीवरची १७,०००. तिथले दर मात्र प्रत्येक गटात कमी आहेत: मुलांमध्ये १, मधल्या गटात २, साठीवर ३५. मृत्यू झाले २०, १२६ आणि ५९५. बेरीज ७४१. ढोबळ मृत्युदर ७.४.

आता थांबून हे पुन्हा बघा. वयस्कर तालुक्यात मूल जगण्याची शक्यता जास्त, तरुण जगण्याची जास्त, म्हातारा जगण्याचीही जास्त. एकही वयोगट असा नाही जिथे तो तालुका मागे आहे. तरीही एकूण आकड्यात तोच वाईट ठरला. केरळ-बिहारचं कोडं ते हेच.

यावरचा उपाय म्हणजे वय-प्रमाणित मृत्युदर. कल्पना सोपी आहे: दोन्ही तालुक्यांत वयाची वाटणी सारखीच असती तर काय झालं असतं? त्यासाठी एक ‘प्रमाण लोकसंख्या’ घ्यायची आणि प्रत्येक तालुक्याचे वयोगटवार दर तिच्यावर लावायचे.

वय-प्रमाणित मृत्युदर = (प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर × प्रमाण लोकसंख्येतली त्या गटाची संख्या, यांची बेरीज) ÷ एकूण प्रमाण लोकसंख्या

वयोगटाचे दर दर हजारी असले की उत्तरही दर हजारीच येतं. समजा प्रमाण लोकसंख्येत मुलं २७,०००, मधली माणसं ६२,०००, साठीवरची ११,००० आहेत. तरुण तालुक्याचे दर लावले की मृत्यू येतात १०८ + १५५ + ४९५ = ७५८, म्हणजे दर ७.६. वयस्कर तालुक्याचे दर लावले की २७ + १२४ + ३८५ = ५३६, म्हणजे ५.४. निकाल उलटला.

हा ७.६ किंवा ५.४ खऱ्या मृत्यूंचा आकडा नाही हे मात्र लक्षात ठेवायला हवं. स्मशानात गेलेली माणसं ६०० आणि ७४१ हीच. प्रमाणित दर फक्त तुलनेसाठी असतो, आणि प्रमाण लोकसंख्या बदलली की तोही बदलतो. म्हणून दोन वेगळ्या अहवालांतले प्रमाणित दर शेजारी ठेवण्याआधी दोघांनी एकच प्रमाण लोकसंख्या वापरली आहे का, हे तपासावं लागतं. आणि तालुक्यात रुग्णवाहिका किंवा खाटा किती लागतील हे ठरवायचं असेल तर ढोबळ दरच उपयोगी. त्यासाठी खरेखुरे ७४१ मृत्यूच मोजावे लागतात.

अर्भक मृत्युदर वेगळा का?

अर्भक मृत्युदर = (एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेली बाळं ÷ त्या वर्षातले जिवंत जन्म) × १०००

इथे छेदस्थानी लोकसंख्या नाही, जन्म आहेत. त्यामुळे राज्य तरुण आहे की वयस्कर, याचा या दरावर ढोबळ दरासारखा परिणाम होत नाही. केरळ ६, महाराष्ट्र १६, बिहार २७, देश २८ ही २०२० ची तुलना म्हणूनच जास्त सरळ आहे. बाळंतपण, लसीकरण, आईचं पोषण, पाणी या सगळ्याचा मागमूस या एका आकड्यात लागतो.

त्याचीही एक दुखरी बाजू आहे. गाव लहान असलं की हा दर उड्या मारतो. वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात एक बाळ दगावलं तर दर २५. पुढच्या वर्षी दोन दगावली तर थेट ५०. ‘अर्भक मृत्यू दुप्पट झाले’ ही बातमी आकड्याने खरी असते, पण त्यावरून गावातलं काही बिघडलं असा निष्कर्ष निघत नाही. इतक्या लहान ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांची बेरीज करून दर काढतात आणि प्रत्येक मृत्यूचं कारण स्वतंत्रपणे बघतात.

जन्मदर वजा मृत्युदर

नैसर्गिक वाढीचा दर = ढोबळ जन्मदर − ढोबळ मृत्युदर

बिहार: २५.५ − ५.४ = २०.१. केरळ: १३.२ − ७.० = ६.२. हे दोन्ही दर हजारी आहेत, टक्के नाहीत. टक्केवारीसाठी दहाने भागायचं: बिहार २.०१ टक्के, केरळ ०.६२ टक्के. ‘बिहारची लोकसंख्या वर्षाला वीस टक्क्यांनी वाढते’ असं कुठे वाचलं तर दहाने भागायचं राहिलंय हे समजून जावं.

७० ला या टक्केवारीने भागलं की लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. बिहारसाठी ३५ वर्षं, केरळसाठी ११३. अर्थात दर तसाच राहिला आणि कुणी बाहेर गेलंच नाही तर! या दोन्ही अटी खऱ्या आयुष्यात पाळल्या जात नाहीत, म्हणून हे भाकीत म्हणून वापरू नये.

मुलं कमी होतायत, मग लोकसंख्या का वाढते?

दुसरं मोठं कोडं महाराष्ट्राचं. २०२० च्या त्याच पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.५ आहे. आई-वडिलांच्या जागी पुढची पिढी तेवढ्याच संख्येने यायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. पण राज्याचा जन्मदर १५.० आणि मृत्युदर ५.५. जन्म मृत्यूंच्या जवळजवळ तिप्पट!

जननदर आणि जन्मदर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, तिथेच घोळ होतो.

एकूण जननदर = (१५ ते ४९ मधल्या सात वयोगटांच्या वयविशिष्ट जननदरांची बेरीज × ५) ÷ १०००

पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. दर हजार स्त्रियांमागे वर्षभरातले जन्म असे: १५ ते १९ वयात १२, २० ते २४ मध्ये ११२, २५ ते २९ मध्ये ११०, ३० ते ३४ मध्ये ४८, ३५ ते ३९ मध्ये १४, ४० ते ४४ मध्ये ३ आणि ४५ ते ४९ मध्ये १. बेरीज ३००. पाचने गुणायचं, कारण प्रत्येक स्त्री त्या गटात पाच वर्षं असते. झाले १५००. हजाराने भागलं की १.५. अर्थ असा: एखादी मुलगी आजच्या दरांनुसार पंधरा ते पन्नास वयातून गेली, तर तिला सरासरी दीड मूल होईल. कुठल्याही खऱ्या बाईची ही गोष्ट नाही. आज २२ वर्षांची असलेली मुलगी चाळिशीत पोहोचेल तेव्हा दर वेगळेच असतील.

आता कोडं सुटतं. एका स्त्रीमागे मुलं कमी झाली, पण वीस ते तीस वयातल्या स्त्रियांची संख्याच मोठी आहे, कारण त्यांच्या आईच्या पिढीला मुलं जास्त झाली होती. शिवाय म्हातारी माणसं अजून तुलनेने कमी, म्हणून मृत्यू कमी. ब्रेक दाबल्यावरही ट्रक थोडा पुढे जातोच, तशी लोकसंख्याही काही दशकं वाढत राहते. यालाच लोकसंख्येचा संवेग म्हणतात. ‘जननदर २.१ च्या खाली गेला, आता लोकसंख्या घटायला लागली’ हे वाक्य म्हणून चुकीचं. तो खाली गेल्यानंतर प्रत्यक्ष घट सुरू व्हायला एखादी पिढी सहज जाते.

मनोरा वाचायचा कसा?

वरची दोन्ही कोडी एका चित्रात दिसतात. ते चित्र म्हणजे शाळेच्या भूगोलात भेटलेला लोकसंख्येचा मनोरा. मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली ० ते ४ वयाचा पट्टा आणि वर पाच-पाच वर्षांचे पट्टे.

पट्ट्याची लांबी = (त्या वयाचे व लिंगाचे लोक ÷ एकूण लोकसंख्या) × १००

हे चित्र एक्सेलमध्ये करणारे बरेच जण छेदस्थानी एकूण लोकसंख्या घेत नाहीत. पुरुषांसाठी फक्त पुरुष आणि स्त्रियांसाठी फक्त स्त्रिया घेतात. दोन्ही बाजूंची बेरीज वेगवेगळी शंभर येते आणि मनोरा छान समतोल दिसतो. पण मुली कमी जन्मल्या असतील किंवा पुरुष गावाबाहेर गेले असतील, तर ते त्यात पुसलं जातं. ओळखायची खूण सोपी: सगळ्या पट्ट्यांची बेरीज शंभर आली पाहिजे, दोनशे नाही.

पाया रुंद आणि वर निमुळता होत गेलेला मनोरा म्हणजे जन्म जास्त, तरुण लोकसंख्या. बिहारचा बराचसा असा. पाया आत गेलेला आणि मधे फुगवटा म्हणजे गेल्या काही दशकांत जन्म कमी झालेले, हे केरळचं. फुगवटा आज कुठल्या वयात आहे ते बघायचं आणि वीस वर्षांनी तो वीस वर्षं वर सरकलेला असेल हे लक्षात घ्यायचं. तेव्हा केरळचा ढोबळ मृत्युदर आणखी चढलेला दिसेल, आणि कुणीतरी पुन्हा ते चित्र बनवेल.

मनोऱ्यातली खाच मात्र प्रत्येक वेळी साथ किंवा दुष्काळच सांगते असं नाही. जपानच्या मनोऱ्यात १९६६ साली जन्मलेल्यांची एक ठळक खाच आहे. ते ‘अग्निअश्वा’चं वर्ष होतं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जड जातात अशी समजूत. अनेक जोडप्यांनी मूल होणं टाळलं आणि जन्म एका वर्षात सुमारे पाव हिश्शाने घटले. पुढच्या वर्षी ते परत पहिल्यासारखे. आपल्याकडे वेगळाच प्रकार होतो. जनगणनेत वय विचारलं की माणसं ‘चाळीस’, ‘पन्नास’ असं गोल सांगतात, त्यामुळे एकेका वर्षाचा मनोरा काढला तर ४०, ४५, ५० ला सुळके उभे राहतात. पाच वर्षांचे पट्टे केले की ते बरेचसे झाकले जातात.

मनोऱ्यातूनच अवलंबित्वाचं प्रमाण निघतं.

अवलंबित्वाचं प्रमाण = ((० ते १४ वयाचे + ६० आणि वरचे) ÷ १५ ते ५९ वयाचे) × १००

मघाच्या तरुण तालुक्यात हे ७२ येतं आणि वयस्कर तालुक्यात ५९. फक्त हे दोन आकडे बघितले तर वयस्कर तालुका निवांत वाटेल. पण नुसत्या म्हाताऱ्यांचं प्रमाण काढलं तर तरुण तालुक्यात ते १२ आहे आणि वयस्कर तालुक्यात २७. एकाला अंगणवाड्या आणि शाळा हव्यात, दुसऱ्याला रक्तदाब-मधुमेहाची औषधं आणि घरी येणारी परिचारिका. आंतरराष्ट्रीय अहवाल साठऐवजी पासष्टची रेघ धरतात, त्यामुळे तिथला आकडा आपल्याशी जुळला नाही तर आधी ती रेघ तपासावी.

कोकणातली घट

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाख होती, २०११ मध्ये १६.१५ लाख. सिंधुदुर्गाचीही घटली. नुसत्या जन्म वजा मृत्यू या सूत्राने हे समजत नाही. पूर्ण सूत्र असं:

लोकसंख्येतला बदल = जन्म − मृत्यू + आत आलेले − बाहेर गेलेले

२०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. घरटी एक चाकरमानी मुंबईला, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे. मनोऱ्यात ते डाव्या बाजूला, कमावत्या वयातल्या पुरुषांच्या आत ओढलेल्या पट्ट्यांत दिसतं. मुंबईच्या मनोऱ्यात नेमके तेच पट्टे बाहेर आलेले. तरुण बाहेर गेले आणि निवृत्त होऊन काही परतले, की जिल्ह्याचा ढोबळ मृत्युदर कुठलाही आजार न वाढता चढतो.

त्यात नोंदणीची एक अडचण मिसळते. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस कुठे राहतो तिथे नाही. संगमेश्वर तालुक्यातला रुग्ण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दगावला, तर मृत्यू मुंबईच्या खात्यात जातो. छेदात मात्र तो गावचाच राहिलेला असतो. मोठी रुग्णालयं असलेल्या शहराचे दर म्हणून फुगतात आणि आसपासच्या तालुक्यांचे उगाच चांगले दिसतात. जिथे नोंदच होत नाही तिथेही मृत्युदर कमी दिसतो, ते वेगळंच.

एसआरएस ही अडचण दोनदा मोजून टाळते. निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत एक स्थानिक नोंदकर्ता वर्षभर नेहमी राहणाऱ्यांचे जन्म-मृत्यू लिहीत असतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस घरोघरी जाऊन तेच नव्याने विचारतो. मग दोन्ही याद्या ताडून बघतात आणि जी नोंद एकाच यादीत आहे तिच्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. नमुना लहान असल्यामुळे तालुक्याचा दर मात्र तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं रजिस्टरच उघडावं लागतं, आणि पहिल्यांदा हे विचारावं लागतं की गावातली किती माणसं गेल्या वर्षी गावाबाहेरच्या दवाखान्यात गेली.